राखेचं सिमेंट पाणी जास्त दिवस मागतं

स्लॅब पडून सहा दिवस झाले की सेंटरिंगवाल्याचा फोन येतो. "साहेब, उद्या सात दिवस होतायत. प्लेटा काढून नेतो, पलीकडच्या साईटला लागणार आहेत." घरमालक हो म्हणतो, कारण सात दिवसांचा हिशेब त्यानेही कुठेतरी ऐकलेला असतो. तो हिशेब खोटाही नाही. पण तो कोणत्या सिमेंटचा, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. अंगणात पडलेल्या रिकाम्या गोण्यांतली एखादी उलटून पाहिली, तर तिच्यावर बहुधा 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' असं छापलेलं सापडेल. सात दिवसांचा हिशेब त्या गोणीसाठी मांडलेलाच नव्हता.

घर बांधणाऱ्यासमोर मुख्यतः तीन तऱ्हेच्या गोण्या येतात. साधं सिमेंट, म्हणजे ओपीसी: चुनखडी आणि माती भट्टीत भाजून तयार झालेले क्लिंकरचे गोळे, त्यात थोडं जिप्सम घालून केलेली भुकटी. दुसरं पीपीसी. यात त्याच क्लिंकरबरोबर औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यात पकडलेली बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, दळलेली किंवा मिसळलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे तिचं प्रमाण १५ ते ३५ टक्के. तिसरं पीएससी, म्हणजे स्लॅग सिमेंट. लोखंडाच्या भट्टीतून निघणारी वितळलेली मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम थंड केली की तिचे काचेसारखे दाणे होतात. ते दाणे दळून २५ ते ७० टक्क्यांपर्यंत या सिमेंटात घालतात. अलीकडे राख आणि स्लॅग दोन्ही असलेलं 'कंपोझिट' सिमेंटही मिळतं. त्याचं वागणं मिश्र सिमेंटांसारखंच धरून चालावं.

कोणत्या गावात काय मिळेल, हे बरंचसं भूगोल ठरवतो. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळजवळचं दीपनगर, नाशिकजवळचं एकलहरे अशा वीज केंद्रांमुळे राज्यात राखेचा तुटवडा नाही. त्यामुळे देशावर आणि विदर्भात दुकानदाराकडे 'सिमेंट द्या' म्हटलं की तो बहुतेकदा पीपीसीच देतो. स्लॅग लागतो तो पोलाद कारखान्यांच्या आसपास. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीसारख्या ठिकाणांमुळे मुंबई आणि कोकणच्या बाजूला तो पोचतो. बंगाल, ओडिशा, झारखंडात स्लॅग सिमेंट फार पूर्वीपासून रुळलेलं आहे. साधं ओपीसी मात्र किरकोळ दुकानात कित्येकदा सांगून मागवावं लागतं.

ओपीसी मागणारा माणूस बहुधा 'त्रेपन्न ग्रेड' मागतो, आणि पहिला घोळ इथेच होतो. हा ५३ आकडा म्हणजे प्रयोगशाळेत ठरलेल्या वाळूबरोबर केलेल्या घनाने २८व्या दिवशी दाखवायची किमान ताकद. एका चौरस मिलिमीटरवर ५३ न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने एका चौरस सेंटिमीटरवर ५३० किलोचा भार. पीपीसीच्या आणि पीएससीच्या गोणीवर असा ग्रेड छापत नाहीत. मानकाने त्यांच्यासाठी घातलेली २८ दिवसांची किमान अट ३३ची आहे. एवढं कळलं की गवंडी म्हणतो, "मग हे कच्चं सिमेंट." पण ३३ ही तळाची रेघ आहे आणि चांगल्या कंपनीचं पीपीसी प्रत्यक्षात तिच्या बरंच वर असतं. बांधणाऱ्याच्या कामाचा आकडा दुसराच आहे, आणि तो कोणी वाचत नाही. तिसऱ्या दिवशी ५३ ग्रेडच्या ओपीसीकडून मानक २७ मागतं, पीपीसी आणि पीएससीकडून १६. खरा फरक पहिल्या आठवड्यातल्या वेगात आहे.

हा वेग का कमी पडतो, हे समजायला जुन्या वाड्यांच्या भिंतींकडे जावं लागतं. तिथे सिमेंट नव्हतं, चुना होता. बैलाच्या घाणीत चुना मळताना कारागीर त्यात सुरखी घालत, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर हळूहळू वाळतो आणि पाण्याखाली घट्ट होत नाही. सुरखी घातली की तिच्यातली सिलिका पाण्याच्या सोबतीने चुन्याशी जोडली जाते आणि ओल्यातही टिकणारा, दगडासारखा पदार्थ तयार होतो. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या पोत्झुओली गावाच्या ज्वालामुखी राखेकडून करून घेतलं. गोणीवरचा 'पोझोलाना' हा शब्द त्या गावावरूनच आलेला आहे. फ्लाय ॲश ही आजची सुरखी. विटेऐवजी कोळशातली माती भाजली गेलेली, एवढाच काय तो फरक.

आता हा चुना सिमेंटात येतो कुठून? क्लिंकरची भुकटी पाण्याला भेटली की दोन गोष्टी तयार होतात. एक, चिकट जेल; काँक्रीटची सगळी ताकद याच्यात. दुसरी, मोकळा चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात या चुन्याचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाइतका असतो आणि ताकदीत तो फारशी भर घालत नाही. उलट पाणी झिरपलं की तोच विरघळून छताला पांढरे ओघळ आणतो. ओपीसीत हा चुना तसाच पडून राहतो. पीपीसीत राख त्याच्याशी जोडली जाऊन नवं जेल बनवते आणि ते जेल मधल्या बारीक पोकळ्या भरत जातं. पण आधी क्लिंकरने चुना सोडायचा, मग राखेने तो घ्यायचा. म्हणजे राखेची पंगत दुसरी. पहिल्या आठवड्यात तिचं काम नुकतं सुरू झालेलं असतं आणि पुढे कित्येक आठवडे, ओल राहिली तर कित्येक महिने, ते चालू राहतं. स्लॅगची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या पोटात स्वतःचा चुना असतो, त्यामुळे तो पाण्यात स्वतःही घट्ट होऊ शकतो. मात्र त्याच्या काचेच्या दाण्यांना जागं करायला क्लिंकरने सोडलेला क्षार लागतो. जाग आली की तोही सावकाशीनेच कामाला लागतो.

या दुसऱ्या पंगतीला पाणी लागतं. पाणी आटलं की रसायन थांबतं, आणि एकदा वाळलेल्या काँक्रीटला नंतर कितीही भिजवलं तरी गेलेला वेळ पुरता भरून निघत नाही. म्हणून भारतीय काँक्रीट संहितेने, आयएस ४५६ने, ओपीसीसाठी किमान सात दिवस सतत ओल सांगितली आहे आणि मिश्र सिमेंटासाठी किमान दहा. कोरड्या, कडक हवेत ओपीसीसाठीच दहा दिवस होतात, आणि मिश्र सिमेंटासाठी ते १४पर्यंत वाढवावेत अशी शिफारस आहे. 'सतत' हा शब्द संहितेत मुद्दाम आहे. सकाळी आणि संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं मारलेलं पाणी मेच्या उन्हात तासाभरात उडून जातं. दिवसातून दोनदा ओली आणि बावीस तास कोरडी राहिलेली बाजू क्युरिंगच्या हिशेबात धरता येत नाही.

इथे 'सेट होणं' आणि 'ताकद येणं' या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण साईटवर त्या एकाच शब्दाने चालतात. सेट होणं म्हणजे माल मऊपणा सोडून आकार धरतो ते, हा काही तासांचा मामला. ताकद येणं आठवड्यांचं. सेट होण्यासाठी मानकाने तिन्ही सिमेंटांना एकच चौकट दिली आहे: माल धरायला सुरुवात अर्ध्या तासाच्या आत होता कामा नये आणि पूर्ण सेट व्हायला दहा तासांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. प्रयोगशाळेत २७ अंशांच्या आसपास ओपीसी साधारण दोन-अडीच तासांत धरायला लागतं, मिश्र सिमेंटं त्याहून थोडी उशिरा. उन्हाळ्यात हा फरक जाणवतही नाही. जाणवतो तो जानेवारीत. निफाडला पहाटे पारा एक आकडी असतो, तेव्हा दुपारी उशिरा टाकलेला पीपीसीचा किंवा स्लॅगचा स्लॅब रात्रीपर्यंत ओलसरच राहतो. गवंडी थापी घेऊन वाट बघत बसतो आणि शेवटी कंटाळून वर कोरडं सिमेंट भुरभुरतो. ते कोरडं सिमेंट हाच पुढच्या पापुद्र्याचा मूळ रोग. थंडीत मिश्र सिमेंटाचा स्लॅब सकाळी लवकर सुरू करून दुपारपूर्वी संपवावा. हा उपाय बिनपैशांचा आहे.

उन्हाळ्यातली अडचण नेमकी उलटी. राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोट्यांसारखे दिसतात. त्यामुळे पीपीसीचा माल कमी पाण्यातही लोण्यासारखा सरकतो आणि त्याच्या पृष्ठभागावर पाणी कमी सुटतं. एरवी हा गुणच. पण मेच्या दुपारी झळा सुरू असल्या की पृष्ठभागावरची थोडीशी ओल झपाट्याने उडते, खालून तेवढी वर येत नाही, आणि माल अजून पुरता धरलेला नसतो. मग टाकल्यापासून दोन ते सहा तासांत आडव्यातिडव्या, हातभर लांबीच्या भेगा दिसू लागतात. या भेगा वजनाच्या किंवा कमी सळईच्या नसतात. माल बोटाने दाबला जातोय तोवर थापी जोरात फिरवून त्या बुजवता येतात, सेट झाल्यावर नाही. अनुभवी मिस्त्री म्हणून स्लॅबचा पट्टा संपला की लगेच त्यावर प्लॅस्टिकचा कागद ओढतो. अंगठा जोरात दाबून ठसा उमटत नाही, तेव्हा कागद काढून ओली गोणपाटं टाकायची. दुसऱ्या दिवशी मसाल्याची दोन बोटं उंचीची आळी करून पाणी तुंबवायचं. घाई करून सेट होण्याआधीच पाइप लावला तर वरचं सिमेंट धुऊन जातं, आणि मिश्र सिमेंटात ही घाई जास्त महागात पडते, कारण ते थोडं उशिरा धरतं.

आता एक घर हिशेबाला घेऊ. समजा जालन्याच्या बाजूला हजार चौरस फुटांचं घर आहे, सगळ्यात मोठी खोली १२ बाय १४ फुटांची, स्लॅबची जाडी पाच इंच. स्लॅब आणि बीम मिळून सुमारे १५ घनमीटर काँक्रीट लागेल. अभियंत्याने एम-२५चं मिश्रण आखून दिलं आणि घनमीटरला ३४० किलो सिमेंट धरलं, तर १०२ गोण्या. पाणी आणि सिमेंट यांचं गुणोत्तर ०.५०, म्हणजे गोणीला २५ लिटर पाणी, वाळूत आधीच असलेली ओल धरून. स्लॅब ५ मे रोजी पडतो. गोण्या पीपीसीच्या.

पहिली परीक्षा मिक्सरपाशीच. माल सहज सरकतोय, तरी मिक्सरवाल्याचा हात सवयीने बादलीकडे जातो. गोणीमागे पाच लिटर जास्त गेले तर गुणोत्तर ०.६० होतं आणि २८ दिवसांच्या ताकदीतला जवळपास पाचवा हिस्सा जातो. यात सिमेंटचा दोष काही नसतो, पण पुढे छत गळलं की बोलणी सिमेंटलाच बसतात. म्हणून बादलीवर खूण करून एक माणूस तिथे उभा करणं हे त्या दिवशीचं सगळ्यात स्वस्त काम.

दुसरी परीक्षा पाण्याची. मेमध्ये मराठवाड्यात स्लॅबवर तुंबवलेल्या पाण्यातून रोज सेंटिमीटरभर सहज उडतं. ९३ चौरस मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे रोजचे ९३० लिटर. ओपीसीला या हवेत दहा दिवस, पीपीसीला १४. वरच्या चार दिवसांचं पाणी होतं साधारण ३,७०० लिटर. पीपीसीची गोणी स्वस्त पडली म्हणून आनंद मानताना टँकरचे हे पैसे त्याच वहीत मांडायला हवेत. आणि हिशेब फक्त पैशांचा नाही. गावात मेच्या मध्यावर टँकरच मिळत नसेल, तर पीपीसीचा स्लॅब सातव्या दिवशी कोरडा पडणार हे आधीच ठरलेलं आहे. अशा वेळी या लेखकाचं मत स्पष्ट आहे. एक तर ओपीसी सांगून मागवावं, किंवा स्लॅब जूनच्या पावसावर सोडावा. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, पाणी फुकट असतं, आणि राखेला हवी असलेली ओल आपोआप मिळते. फक्त टाकायच्या दिवशी आभाळ बघावं आणि ताडपत्र्या हाताशी ठेवाव्यात.

तिसरी परीक्षा सेंटरिंगवाल्याची. ओपीसीसाठी आणि १५ अंशांवरच्या तापमानासाठी संहितेने दिलेलं वेळापत्रक असं: स्लॅबखालच्या प्लेटा तीन दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवसांनी. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवसांनी. दुसरं सिमेंट असेल तर ही मुदत योग्य तशी बदलावी, एवढंच संहिता म्हणते. किती बदलावी ते अभियंत्यावर सोडते. मूळ कसोटी मात्र तिने सांगितली आहे. टेकू काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी. जालन्याच्या या घराच्या डोक्यावर स्लॅब आणि बीम मिळून ३७ टनांच्या आसपास वजन आहे. आखलेल्या ताकदीपैकी सातव्या दिवशी ओपीसीत साधारण दोन-तृतीयांश आलेली असते. पीपीसीत ती निम्म्याहून थोडी वर असू शकते, आणि पाणी नीट मारलं नसेल तर तेवढीही नाही. त्यामुळे पुष्कळ अभियंते पीपीसीच्या स्लॅबचे टेकू १४ दिवसांनी आणि बीमचे २१ दिवसांनी काढायला सांगतात. म्हणजे ५ मेचा स्लॅब १९ तारखेला मोकळा होईल, बीम २६ला. सेंटरिंगचं भाडं दिवसावर असेल, तर तो आठवडा भाड्यात घालावाच लागेल.

घाई केली तर स्लॅब कोसळतोच असं नाही. बहुतेकदा तो नुसता थोडा वाकतो. खोलीच्या मध्यावर पाच-दहा मिलिमीटरचा झोक येतो, खालून केसासारख्या समांतर रेघा उमटतात आणि गिलाव्याखाली दडून जातात. वर्षभराने त्याच रेघांवर रंग फुगतो. याहून वाईट सवय म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी वरच्या मजल्यासाठी विटांची चळत स्लॅबच्या मध्यभागी रचणं. हजार विटा म्हणजे तीन टनांच्या आसपास वजन, आणि तेही चार चौरस मीटरवर. विटा चढवायच्याच असतील तर भिंतींच्या डोक्यावर, पसरून, आणि खाली टेकू असताना.

अंदाजावर सोडायचं नसेल तर सोपी वाट आहे. स्लॅबच्या दिवशी १५ सेंटिमीटरच्या साच्यांत क्यूब भरून घ्यावेत. १५ घनमीटरच्या कामाला संहितेप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. त्यांच्यासोबत तीन जास्तीचे भरून ते प्रयोगशाळेच्या हौदात न ठेवता स्लॅबवरच, त्याच गोणपाटाखाली ठेवावेत. टेकू काढायच्या आदल्या दिवशी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे तीन क्यूब फोडून घेतले की आकडा हातात येतो. हौदातले क्यूब सिमेंट कसं आहे ते सांगतात, स्लॅबवरचे क्यूब पाणी कसं मारलं ते. दोघांत मोठी तफावत निघाली, तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. क्यूब केलेच नसतील तर घरचीच एक तपासणी उरते. कोपऱ्यात लोखंडी खिळ्याने रेघ ओढावी. नीट पिकलेल्या काँक्रीटवर चकाकती रेघ उमटते, उपाशी राहिलेल्यावर खरवड पडून पांढरी भुकटी निघते.

कॉलमांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. स्लॅबवर तळं करता येतं, उभ्या कॉलमवर पाणी थांबत नाही. साचा दुसऱ्या दिवशी निघतो आणि त्यानंतर कॉलम चारही बाजूंनी वाऱ्यात वाळतो. पीपीसी आणि पीएससीत याची किंमत सळईला मोजावी लागते. काँक्रीटमधला चुना सळईला गंजापासून जपतो, आणि मिश्र सिमेंटात राख आणि स्लॅग त्या चुन्यातला काही भाग खाऊन टाकतात. नीट पिकलेलं काँक्रीट इतकं घट्ट होतं की हवा आणि ओल आत शिरतच नाही, त्यामुळे तोटा भरून निघतो. अर्धवट पिकलं तर चुनाही कमी आणि घट्टपणाही नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मग ओपीसीपेक्षा लवकर सळईपर्यंत पोचतो. मिश्र सिमेंटाची ही खरी मर्यादा आहे आणि जाहिरातीत ती कधी सापडत नाही. उपाय साधा. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधायचं, वरून प्लॅस्टिक लपेटायचं आणि गोणपाट दिवसातून तीन-चार वेळा भिजवायचं.

हे सगळं वाचून ओपीसीच बरं, असं वाटू शकतं. घाईच्या, पातळ किंवा दुरुस्तीच्या कामाला ते बरंच. सिमेंटचे ब्लॉक, विहिरीची कडी, खांब पाडणारे कारखानदार दुसऱ्या दिवशी साचा मोकळा व्हावा म्हणून ओपीसीच वापरतात. पण पाया, जमिनीखालची टाकी, संडासाची टाकी, जाड राफ्ट अशा ठिकाणी घाई नसते, मातीची ओल आपणहून मिळते, आणि काँक्रीट कमी तापतं हा मिश्र सिमेंटाचा गुण जाड कामात भेगा टाळतो. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरचा घाटघर प्रकल्प याचं टोकाचं उदाहरण. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणं तिथे उभी राहिली आणि त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखेचाच वाटा मोठा होता. अर्थात धरणाला ताकद यायला महिनोन्‌महिने थांबता येतं, घराच्या स्लॅबला नाही. म्हणून घरच्या मिक्सरमध्ये ओपीसीत स्वतःच्या अंदाजाने राख ओतू नये. विटभट्टीवर मिळते ती राख जाडीभरडी, अर्धवट जळालेल्या कोळशाची असू शकते. कारखान्यात तिची बारीकी आणि कोळशाचं प्रमाण तपासून मगच ती सिमेंटात जाते. आणि तयार काँक्रीटचा ट्रक मागवला असेल तर चलन वाचावं. सिमेंट, फ्लाय ॲश किंवा स्लॅग किती किलो घातला ते तिथे लिहिलेलं असतं, आणि पाण्याचे व टेकूचे दिवस त्यावरूनच ठरवायचे.

समुद्रकाठी मात्र पारडं स्लॅगकडे झुकतं. वेंगुर्ला, मालवण, गुहागर, गोव्याची किनारपट्टी इथे घरं बसतात ती ओझ्याने नाही, मिठाने. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म वाटांनी आत शिरतात, सळई गंजते, गंज फुगतो आणि बाल्कनीच्या कडेचे टवके पडतात. स्लॅगने तयार झालेलं जेल या वाटा अरुंद करतं आणि क्लोराइडचा काही भाग स्वतःत बांधूनही ठेवतं. पन्नास टक्क्यांहून जास्त स्लॅग असलेलं सिमेंट सल्फेटलाही चांगलं तोंड देतं, असं संहितेनेच नोंदवलं आहे. पण नुसती गोणी बदलून भागत नाही. किनाऱ्याच्या खुल्या हवेतल्या घराला संहिता किमान एम-३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण मागते. पंधरा मिलिमीटरच्या आवरणात स्लॅग सिमेंट घालणं म्हणजे फाटक्या छत्रीला नवी मूठ. कोकणात एक गोष्ट मात्र बांधणाऱ्याच्या बाजूने आहे: दमट हवा आणि विहिरीचं पाणी. स्लॅगची १४ दिवसांची मागणी तिथे जालन्याइतकी जड जात नाही. चुकून खाऱ्या विहिरीचं पाणी मिक्सरमध्ये किंवा आळ्यात गेलं, तर मात्र बाहेरून अडवलेलं मीठ आपणच आत नेलं असं होतं.

गोणी उतरवून घेताना दोन ओळी वाचायला अर्धं मिनिट लागतं. मानकाचा क्रमांक बघावा: आयएस २६९ म्हणजे ओपीसी, १४८९ म्हणजे पीपीसी, ४५५ म्हणजे स्लॅग, १६४१५ म्हणजे कंपोझिट. त्याच्याजवळ उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असतं. तीन महिन्यांहून जुनी गोणी, तीही पावसाळ्यात दुकानाच्या ओल्या फरशीवर राहिलेली, कोणत्याही प्रकारची असो, स्लॅबला वापरू नये. अनेक गोण्यांवर राखेची टक्केवारीही छापलेली असते. वीस टक्क्यांची आणि पस्तीस टक्क्यांची पीपीसी पहिल्या आठवड्यात सारखी वागत नाहीत. एका स्लॅबला सगळ्या गोण्या एकाच प्रकारच्या आणि शक्यतो एकाच कंपनीच्या असाव्यात, नाहीतर अर्धा स्लॅब धरलेला आणि अर्धा ओला, अशी गंमत दुपारी बघायला मिळते.

स्लॅग वापरलेल्या घरात शेवटी एक प्रसंग हमखास घडतो. स्लॅब मोकळा झाला, इलेक्ट्रिशियन बीमच्या कडेला पाइपसाठी छिन्नीने खाच पाडतो आणि टवका निघतो. बाहेरून राखाडी दिसणारं काँक्रीट आतून निळसर-हिरवट निघतं, शेवाळ धरल्यासारखं. घरमालक घाबरून ठेकेदाराला फोन लावतो की सिमेंटात काहीतरी भेसळ आहे. ती भेसळ नसते. स्लॅगमधल्या गंधकाची संयुगं हवा न लागलेल्या, ओल्या, घट्ट भागात असा रंग धरतात. तो टवका खिडकीत ठेवून दिला, तर हवा लागून काही दिवसांत त्याचा रंग उतरतो आणि तो बाकीच्या बीमसारखाच राखाडी होतो.